एलएचची उसळी आणि त्याआधीचं फॉलिकलचं काम

मेडिकलच्या दुकानात मिळणारी ओव्हुलेशनची पट्टी लघवीत बुडवली आणि दोन्ही रेषा सारख्याच गडद उमटल्या, की बीज बाहेर पडलं असं बहुतेकींना वाटतं. खरं तर त्या क्षणी बीज अजून बीजांडकोशातच असतं. पट्टी एवढंच सांगते की लघवीतलं एलएच, म्हणजे ल्युटिनायझिंग हार्मोन, अचानक वाढलंय. बीज बाहेर पडायला त्यानंतर साधारण एक ते दीड दिवस लागतो, आणि त्या वेळात बीजांडकोशात पुष्कळ काही घडायचं बाकी असतं.

दुसरा एक समज पाठ्यपुस्तकांमुळे पक्का झालेला आहे. मेंदू हुकूम सोडतो, पिट्युटरी ग्रंथी एलएच सोडते आणि बीजांडकोश तो हुकूम पाळतो, अशी ती मांडणी असते. हुकूम पिट्युटरीतून येतो हे खरंच आहे. पण तो कधी यायचा हे ठरवतं ते बीजांडकोशातलं दोन सेंटिमीटरचं फॉलिकल, म्हणजे बीज जिच्यात वाढतं ती पाण्याची पिशवी. हा उलटा प्रवास समजला की पट्टी, फॉलिकलची वाढ सोनोग्राफीने दिवसागणिक पाहणारी फॉलिक्युलर स्टडी, ट्रिगरचं इंजेक्शन, इमर्जन्सी गोळी या सगळ्यांमागचं वेळेचं गणित आपोआप उलगडतं. म्हणून सुरुवात फॉलिकलपासूनच करू.

उसळीआधीची तयारी

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या बीजांडकोशांत साठ ते सत्तर लाख बीजं असतात. जन्माच्या वेळी त्यातली दहा ते वीस लाख उरतात, आणि पाळी सुरू होते तेव्हा तीन ते चार लाख. आयुष्यभरात बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-साडेचारशे. यातली प्रत्येक पेशी जन्माआधीच विभाजनाला सुरुवात करते आणि पहिल्याच टप्प्यात मधेच थांबते. तिशीतल्या बाईचं जे बीज या महिन्यात बाहेर पडेल, ते तीस वर्षांहून जास्त काळ त्याच अर्धवट अवस्थेत थांबलेलं असतं. ही गोष्ट लक्षात असू द्या, कारण एलएचचं पहिलं काम हीच थांबलेली गाडी पुढे काढण्याचं आहे.

बीजाभोवती ग्रॅन्युलोसा नावाच्या पेशींचे थर असतात. त्यांच्या बाहेर एक पातळ पडदा, आणि पडद्याबाहेर थीका नावाच्या पेशी. रक्तवाहिन्या फक्त थीकापर्यंत पोचतात. पडद्याच्या आत रक्त जात नाही. हळूहळू आत पाणी साठतं आणि पोकळी तयार होते. सुप्त फॉलिकल जागं होऊन इथपर्यंत यायला कित्येक महिने लागतात, आणि त्यातला सुरुवातीचा मोठा भाग पिट्युटरीच्या हार्मोनशिवायच पार पडतो. म्हणजे या महिन्यात फुटणाऱ्या फॉलिकलची वाढ या महिन्यात सुरू झालेलीच नसते. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत जे चार-पाच मिलिमीटरचे काळे ठिपके दिसतात, ती असा लांबचा प्रवास करून आलेली फॉलिकल्स असतात.

खरी चुरस आता सुरू होते. मागच्या महिन्याचं काम संपल्यामुळे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही खाली आलेली असतात, पिट्युटरीवरचा दाब उठतो आणि एफएसएच हे दुसरं हार्मोन काही दिवस वाढतं. त्यावर अनेक फॉलिकल्स एकदम वाढू लागतात. आठवडाभरात त्यातलं एखादं दहा मिलिमीटरच्या आसपास पोचतं, आणि मग बाकीची मागे पडून विरून जातात. असं का होतं? वाड्यात नळाला दाब कमी आला की ज्याने मोटर बसवलीय त्याच्याच टाकीत पाणी चढतं, आणि त्याच्या मोटरमुळे इतरांचा दाब आणखी कमी होतो. तसाच हा प्रकार आहे. पुढे गेलेलं फॉलिकल इस्ट्रॅडिऑल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, आणि इन्हिबिन ही हार्मोन सोडतं, त्यांनी एफएसएच खाली येतं. त्याच्या स्वतःच्या पेशींवर एफएसएच पकडणारे रिसेप्टर जास्त असतात आणि भोवती रक्तवाहिन्यांचं जाळंही दाट असतं, त्यामुळे त्याला थोडक्यात भागवता येतं. बाकीच्यांना ते जमत नाही. आयव्हीएफमध्ये रोज एफएसएचची इंजेक्शनं देतात ती याचसाठी, की पातळी खाली येऊच नये आणि एरवी विरून गेली असती ती फॉलिकल्सही सोबत वाढावीत.

निवडलेलं फॉलिकल मग दिवसाला साधारण दोन मिलिमीटरने वाढतं आणि इस्ट्रॅडिऑल बनवण्याचा सपाटा लावतं. हे काम दोन प्रकारच्या पेशी वाटून घेतात. थीका पेशींना रक्तातून कोलेस्टेरॉल मिळतं. एलएचच्या सांगण्यावरून त्या त्याचं अँड्रोजेन बनवतात, म्हणजे ज्याला आपण पुरुषी हार्मोन म्हणतो ते. हे अँड्रोजेन पडदा ओलांडून आत जातं आणि एफएसएचच्या सांगण्यावरून ग्रॅन्युलोसा पेशी अरोमाटेज नावाच्या एन्झाइमने त्याचं इस्ट्रॅडिऑल करतात. एकट्या ग्रॅन्युलोसाला कच्चा माल बनवता येत नाही, आणि एकट्या थीकाला पुरेसं इस्ट्रॅडिऑल बनवता येत नाही.

याच दिवसांत आणखी एक तयारी होते, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. आतापर्यंत एलएच फक्त थीकाला ऐकू येत होतं. एफएसएच आणि इस्ट्रॅडिऑल यांच्या एकत्रित परिणामाने आता ग्रॅन्युलोसा पेशींवरही एलएचचे रिसेप्टर उगवू लागतात. हे रिसेप्टर नसलेल्या लहान फॉलिकलवर कितीही एलएच ओतलं तरी ते फुटत नाही. म्हणजे फॉलिकल नुसतं मोठं होत नसतं. आपण स्वतःच बोलावणार असलेल्या हुकमाला प्रतिसाद देण्याची क्षमता ते तयार करत असतं.

पिट्युटरीचा पवित्रा बदलतो

एरवी इस्ट्रॅडिऑल पिट्युटरीला आवरून धरतं. जास्त इस्ट्रॅडिऑल म्हणजे कमी एलएच, असा महिनाभराचा नियम. महिन्यातून एकदाच तो उलटतो, आणि त्यासाठी दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. इस्ट्रॅडिऑलची रक्तातली पातळी मिलिलिटरला साधारण २०० पिकोग्रॅमच्या वर जावी, आणि तिथे ती जवळजवळ दोन दिवस टिकून राहावी. एखादी क्षणिक उडी पुरत नाही. आणि इतकं इस्ट्रॅडिऑल इतका वेळ कोण देऊ शकतं? फक्त पूर्ण वाढलेलं फॉलिकल. त्यामुळे ही पातळी म्हणजे ‘मी तयार आहे’ असा फॉलिकलने पिट्युटरीला पाठवलेला निरोपच असतो.

हे सिद्ध झालं ते अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून. अमेरिकेत पिट्सबर्गला त्यांनी ऱ्हीसस माकडिणींच्या मेंदूतला जीएनआरएच सोडणारा भाग निकामी केला. जीएनआरएच म्हणजे पिट्युटरीला एलएच आणि एफएसएच सोडायला लावणारं मेंदूतलं हार्मोन. ते बंद झाल्यावर माकडिणींची चक्रंही बंद पडली. मग पंपाने तासाला एकदा जीएनआरएचचा ठरावीक डोस देणं सुरू केलं, त्यात महिनाभर काहीच बदल केला नाही. तरीही फॉलिकल वाढलं, इस्ट्रॅडिऑल चढलं, एलएचची उसळी आली आणि बीज बाहेर पडलं. मेंदूकडून येणारी थाप एकाच लयीत होती. वेळ ठरवली ती बीजांडकोशाने. उंदीर-घुशींचं असं नाही. त्यांच्यात उसळी दिवसरात्रीच्या घड्याळाला बांधलेली असते आणि मेंदूचा वाटा फार मोठा असतो. म्हणून उंदरांवरचे निष्कर्ष जसेच्या तसे बायकांना लावता येत नाहीत.

पिट्युटरीत दरम्यान एक चतुर गोष्ट घडलेली असते. इस्ट्रॅडिऑल एलएच बाहेर सोडू देत नव्हतं, पण बनवायला आणि साठवायला आडकाठी करत नव्हतं. शिवाय जीएनआरएचला प्रतिसाद देण्याची पिट्युटरीची क्षमताही ते वाढवत होतं. साठा भरलेला, संवेदनशीलता वाढलेली, आणि बंधन निघालं, की एलएच नेहमीच्या पातळीच्या अनेक पटींनी उसळतं. उसळी साधारण दोन दिवस टिकते. तिच्यासोबत एफएसएचचीही एक छोटी उसळी येते.

पुढचे छत्तीस तास

उसळी सुरू झाल्यापासून बीज बाहेर पडेपर्यंत सुमारे ३४ ते ३६ तास जातात; उसळीच्या शिखरापासून मोजलं तर दहा-बारा तास. इतका वेळ कशाला लागतो? कारण एकाच वेळी दोन कामं व्हायची असतात. बीज पिकायचं असतं आणि भिंत उघडायची असते.

बीजाची गंमत अशी की त्याला एलएच ऐकूच येत नाही. त्याच्यावर एलएचचे रिसेप्टर नाहीत, आणि त्याला लगटून बसलेल्या क्युम्युलस पेशींवरही जवळजवळ नाहीत. मग निरोप पोचतो कसा? इतकी वर्षं बीज थांबलं होतं ते भोवतालच्या पेशींच्या धाकामुळे. त्या पेशी सीजीएमपी नावाचा एक छोटा रेणू सूक्ष्म जोडमार्गांतून सतत बीजात पाठवत असतात. तो आत आहे तोवर विभाजन पुढे सरकत नाही. एलएच आल्यावर बाहेरच्या ग्रॅन्युलोसा पेशी हा रेणू बनवणं कमी करतात, जोडमार्गही बंद होऊ लागतात, आणि बीजातली त्याची पातळी कोसळते. ब्रेक निघतो. त्याच वेळी ग्रॅन्युलोसा पेशी अँफिरेग्युलिनसारखे दुसरे निरोपे सोडतात. ते क्युम्युलस पेशींपर्यंत एलएचचं म्हणणं पोचवतात. बीजाच्या केंद्रकाभोवतीचं आवरण विरघळतं, गुणसूत्रांची अर्धी जोडी एका छोट्या पेशीत टाकून दिली जाते, आणि बीज पुढच्या टप्प्यावर येऊन पुन्हा थांबतं. आता त्याला शुक्राणूची वाट पाहायची असते. क्युम्युलस पेशी एव्हाना हायल्युरोनन नावाचा चिकट पदार्थ सोडून फुलतात. बीज त्या बुळबुळीत ढगात मोकळं तरंगू लागतं. हा चिकटपणा पुढे बीज गर्भनलिकेच्या झालरीत अडकून आत ओढलं जावं यासाठी कामाला येतो.

दुसरं काम भिंतीचं. पाणी साठून दाब वाढतो आणि फुग्यासारखं फॉलिकल फुटतं, असं सर्रास सांगितलं जातं. प्राण्यांमध्ये फॉलिकलमधला दाब प्रत्यक्ष मोजला गेलेला आहे, आणि फुटण्याआधी तो फारसा वाढत नाही. बदलते ती भिंत. एलएचमुळे ग्रॅन्युलोसा पेशी प्रोजेस्टेरॉन बनवू लागतात आणि प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडतात. कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स कामाला लागतात. बीजांडकोशाच्या पृष्ठभागाकडच्या टोकावर रक्तपुरवठा आकसतो, तिथली भिंत पातळ होत जाते, आणि अखेर त्या जागी उघडून पाणी, क्युम्युलस आणि बीज हळूच बाहेर येतं. फुटते ती पिशवी. बीज शाबूत असतं. १९८० मध्ये लॉरेन्स एस्पी या शास्त्रज्ञाने मांडलं की ही सगळी प्रक्रिया जखमेच्या सुजेसारखीच आहे. ती मांडणी टिकली, आणि तिच्यातून एक व्यवहारातली गोष्ट निघते. प्रोस्टाग्लँडिन रोखणारी वेदनाशामकं, उदाहरणार्थ इंडोमेथासिन किंवा मेलॉक्सिकॅम, नेमक्या या दिवसांत घेतली तर भिंत उघडणं लांबू शकतं किंवा राहूनही जाऊ शकतं. मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या आणि सांधेदुखीसाठी अशा गोळ्या नेहमी घेणाऱ्या बाईने हे डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं.

छत्तीस तासांच्या या आकड्याला इतिहास आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स यांनी १९६५ मध्ये दाखवलं की माणसाचं बीज फॉलिकलबाहेर काढून काचपात्रात ठेवलं तर तेही जवळपास तेवढाच वेळ घेऊन पिकतं. पुढे १९७७ च्या नोव्हेंबरात लेस्ली ब्राऊन यांचं बीज काढायचं होतं तेव्हा एडवर्ड्स आणि त्यांचे सहकारी डॉक्टर स्टेप्टो यांनी कुठलंही औषध न देता नैसर्गिक चक्रच वापरलं. दिवसरात्र थोड्या थोड्या तासांनी लघवीचे नमुने तपासून एलएचची उसळी कधी सुरू झाली ते पकडलं, आणि फॉलिकल फुटण्याच्या आत दुर्बिणीतून बीज काढलं. त्या एका बीजातून जुलै १९७८ मध्ये लुईझ ब्राऊनचा, म्हणजे जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचा, जन्म झाला.

आज आयव्हीएफमध्ये उसळीची वाट पाहत बसत नाहीत. शरीराची स्वतःची उसळी औषधाने थोपवून धरतात आणि योग्य वेळी एचसीजी या हार्मोनचं ट्रिगर इंजेक्शन देतात. एचसीजी एलएचच्याच रिसेप्टरवर बसतं, फक्त शरीरात जास्त काळ टिकतं. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीजं काढतात. खूप आधी गेलं तर बीजं कच्ची असतात आणि भिंतीपासून सुटत नाहीत. उशीर झाला तर ती आधीच बाहेर पडलेली असतात. इंजेक्शन रात्री साडेनऊला म्हणजे साडेनऊलाच घ्या, असं सिस्टर पुन्हा पुन्हा बजावतात त्याचं कारण हे.

एक चक्र, तारीखवार

समजा, एका बत्तीस वर्षांच्या बाईची पाळी तीस दिवसांनी येते आणि तिची फॉलिक्युलर स्टडी चालू आहे. तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना चार ते सहा मिलिमीटरची फॉलिकल्स दिसतात. नवव्या दिवशी उजवीकडचं एक अकरा मिलिमीटरचं, बाकीची आहेत तिथेच. म्हणजे निवड झाली. बाराव्या दिवशी ते सोळावर आणि चौदाव्या दिवशी वीसवर. रक्तातलं इस्ट्रॅडिऑल २५० च्या घरात, पण पट्टी अजून निगेटिव्ह. पंधराव्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास उसळी सुरू होते. बऱ्याच बायकांत ती रात्री उशिरा किंवा पहाटेच सुरू होते. लघवीत उतरायला काही तास लागतात, म्हणून सकाळी उठल्याबरोबरची पट्टी फिकट आणि दुपारची गडद. पहाटे चारनंतर छत्तीस तास म्हणजे सोळाव्या दिवशी दुपारी चार. सतराव्या दिवशीच्या सोनोग्राफीत फॉलिकल चेपलेलं आणि गर्भाशयामागे थोडं पाणी. एकही मुक्काम चुकला नाही.

बीज बाहेर आल्यावर बारा ते चोवीस तासच फळण्याजोगं असतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. त्यामुळे संबंधांसाठी चांगले दिवस बीज बाहेर पडण्याच्या आधीचे दोन-तीन. पट्टीचा उपयोग इथेच आहे: ती घटनेआधी कळवते.

बीज खरंच बाहेर पडलं का, हे मात्र पट्टी सांगू शकत नाही. पीसीओएस असलेल्या काही जणींत एलएच महिनाभर चढलेलंच असतं. पट्टी पुन्हा पुन्हा पॉझिटिव्ह येते आणि सोनोग्राफीत मात्र एकही फॉलिकल दहाच्या पुढे सरकलेलं नसतं. एचसीजीच्या इंजेक्शननंतर केलेली पट्टीही फसवू शकते, कारण दोन्ही हार्मोन दिसायला फार सारखी आहेत. क्वचित असंही होतं की उसळी येते, प्रोजेस्टेरॉन चढतं, अंगाचं तापमानही वाढतं, पण भिंत उघडतच नाही आणि बीज आतच राहतं. हे फक्त सोनोग्राफीत कळतं: फॉलिकल चेपत नाही, उलट वाढत राहतं. प्रोजेस्टेरॉनची तपासणी बीज बाहेर पडल्यानंतर सातव्या दिवशी करायची असते. वरच्या बाईसाठी तो दिवस तेविसावा. ‘एकविसाव्या दिवशी करा’ हा सल्ला अठ्ठावीस दिवसांच्या पाळीसाठीचा आहे. पस्तीस दिवसांनी पाळी येणारीने एकविसाव्या दिवशी रक्त दिलं तर आकडा जवळजवळ शून्य येईल आणि तिला उगाच घाबरवेल.

उलट बाजूने, मूल नको असताना घेतलेल्या इमर्जन्सी गोळीची मर्यादाही याच वेळापत्रकात आहे. आपल्याकडे सहज मिळणारी दीड मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी एलएचची उसळी येऊ देत नाही किंवा लांबवते. उसळी सुरू होण्याआधी घेतली तर ती काम करते; एकदा उसळी सुरू झाली की ती फॉलिकलला रोखू शकत नाही. म्हणून ती ७२ तासांच्या मुदतीतही जितकी लवकर घ्यावी तितकी बरी. उलिप्रिस्टल नावाचं दुसरं औषध उसळी सुरू झाल्यानंतरही, शिखर येण्याआधी, फुटणं लांबवू शकतं. तांबी मात्र एलएचवर अवलंबून नसते. ती शुक्राणूंनाच निकामी करते, त्यामुळे असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर चक्राचा कोणता दिवस आहे याने तिच्या परिणामात फरक पडत नाही.